स्पॅच्युला तोच, उत्तर वेगळं: क्रॉस-कॉन्टॅक्ट की क्रॉस-कंटॅमिनेशन?

प्रश्न: क्रूझवर गॅलीतल्या, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीसाठी सर्व्हसेफ मॅनेजर ही अन्नसुरक्षेची अमेरिकन परीक्षा देतोय. सराव प्रश्नांत ॲलर्जीचा विषय आला की माझी गडबड होते. चीजबर्गर उलटलेल्या स्पॅच्युलानेच दुधाची ॲलर्जी असलेल्या गिऱ्हाइकाचा साधा बर्गर उलटला, तिथे मी क्रॉस-कंटॅमिनेशन लिहिलं, चूक निघालं. कच्च्या कोळंबीचं पाणी सॅलडवर गळलं, तिथे क्रॉस-कॉन्टॅक्ट लिहिलं, तेही चूक. दोन्हीकडे एकाचं दुसऱ्याला लागलंच ना? मग फरक ओळखायचा कसा?

उत्तर:

तुमची गाडी 'लागलं' या शब्दावर अडली आहे. तुम्ही क्रिया बघताय, आणि क्रिया दोन्हीकडे खरंच एकच असते. स्पॅच्युला, सुरी, फळी, हात, फडकं, तळणीचं तेल ही सगळी नुसती वाहनं आहेत. प्रश्न तयार करणाराही मुद्दाम तेच वाहन दोन्ही प्रकारच्या प्रश्नांत वापरतो, म्हणजे वाचणारा वाहनाकडे बघत बसेल. वाहनातून उतरलं कोण ते बघा. जंतू उतरला तर क्रॉस-कंटॅमिनेशन, ॲलर्जी आणणारं प्रथिन उतरलं तर क्रॉस-कॉन्टॅक्ट.

व्याख्या तुमच्या पुस्तकातही असणार आणि ती तुम्हाला पाठही असणार. वर्गातही मुलांना व्याख्या येते आणि प्रश्न चुकतो. म्हणून मी दोन घरगुती गोष्टी सांगते.

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला की आजी ओरडते. का? आज काही दिसत नाही, पण आठवड्याने वर बुरशी धरते. जे आत गेलं ते जिवंत होतं, ते वाढलं आणि बरणी सगळ्यांसाठीच वाया गेली. आता दुसरी गोष्ट. एकादशीला साबुदाण्याची खिचडी परतताना कुणीतरी भाताचा चमचा तिच्यात फिरवला. खिचडी बिघडली का? अजिबात नाही. घरातल्या बाकीच्यांनी ती खुशाल खावी, कुणाचं पोटसुद्धा दुखणार नाही. पण ज्याचा उपवास आहे त्याला ती आता चालत नाही. आणखी दहा मिनिटं गॅसवर ठेवली म्हणून ती पुन्हा उपवासाची होत नाही, आणि दिसलेलं शीत वेचून काढलं म्हणूनही होत नाही. त्याच्यासाठी नव्या भांड्यात वेगळीच करावी लागते.

पहिलं क्रॉस-कंटॅमिनेशन, दुसरं क्रॉस-कॉन्टॅक्ट. उपवासाच्या उदाहरणात फक्त श्रद्धेच्या जागी माणसाची प्रतिकारशक्ती ठेवा आणि परिणाम जिवावर बेतणारा समजा, बाकी रचना हुबेहूब तीच आहे. अन्न चांगलं आहे, ताजं आहे, नीट शिजलेलं आहे, आणि तरीही एका विशिष्ट माणसाला चालत नाही.

आता तुमचा बर्गर घेऊ. अमेरिकन नियमांप्रमाणे खिम्याची पॅटी ६८ अंश सेल्सियसपर्यंत शिजवतात आणि ते तापमान १७ सेकंद टिकवतात, म्हणजे मांसातले घातक जीवाणू मरतात. तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही पॅटी तव्यावर व्यवस्थित शिजल्या, असंच गृहीत आहे. म्हणजे जंतूंचा मुद्दा तिथेच संपला. स्पॅच्युलावरून गेलं ते वितळलेलं चीज, म्हणजे दुधातलं प्रथिन. ते ६८ अंशांना मरत नाही, कारण ते मुळात जिवंतच नव्हतं. प्रश्नात 'दुधाची ॲलर्जी असलेलं गिऱ्हाईक' हे शब्द आले तेव्हाच उत्तर ठरलं होतं. क्रॉस-कॉन्टॅक्ट.

किती चीज लागतं, हे एकदा डोळ्यांसमोर आणा. २०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्या एफएओ आणि डब्ल्यूएचओ या संघटनांच्या तज्ज्ञगटाने पाकिटांवरच्या सूचनांसाठी ॲलर्जेनचे, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांचे, संदर्भ-आकडे सुचवले. त्यात दुधासाठीचा आकडा २ मिलिग्रॅम प्रथिन असा आहे. चीजमध्ये साधारण पाचवा हिस्सा प्रथिन धरलं, तर ते झालं सुमारे १० मिलिग्रॅम चीज. तांदळाच्या एका दाण्याच्या निम्म्याहूनही कमी. स्पॅच्युलाच्या कडेला चिकटलेला जो पिवळा पापुद्रा आपण नखाने खरवडतो, तो याच्या कितीतरी पट असतो. हा आकडा लेबल ठरवणाऱ्यांसाठी आहे हं, स्वयंपाकघरात 'एवढं चालतं' म्हणायला नाही. परीक्षेत 'थोडंसं लागलं तर हरकत नाही' अशा अर्थाचा कुठलाही पर्याय दिसला की तो सरळ खोडा.

उष्णतेचा हा मुद्दा मला स्वतःला एका प्रसंगाने नीट कळला. शिकवायला लागण्याआधी मी गोव्यातल्या एका हॉटेलात हायजीनचं काम बघत होते. एका पाहुण्यांना माशांची ॲलर्जी होती आणि त्यांनी ती ऑर्डर देतानाच सांगितली होती. त्यांनी मागवल्या साध्या फ्रेंच फ्राईज. मी फ्रायरपाशी पोचले तर आमचा एक अतिशय कष्टाळू मदतनीस आचारी त्या फ्राईज सुरमईच्याच तेलातून काढत होता. मी थांबवलं तर तो मनापासून म्हणाला, "मॅडम, तेल एकशे ऐंशीला आहे, त्यात काय उरणार?" बटाटा उकळत्या तेलातून निघालाय म्हणजे शुद्ध, असं त्याला खरंच वाटत होतं. जंतूंच्या बाबतीत त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. माशाच्या प्रथिनाच्या बाबतीत मात्र ते तेल म्हणजे माशाचा रस्साच. गाळून घेतलं तरी तेच. त्या फ्राईज टाकल्या आणि स्वच्छ कढईत नव्या तेलात दुसऱ्या तळल्या. पाहुण्यांना पंधरा मिनिटं थांबावं लागलं, एवढंच.

तेव्हापासून मी वर्गात एक कसोटी सांगते. प्रश्न वाचून मनात विचारा: हे पुन्हा नीट शिजवलं तर धोका जाईल का? जात असेल तर बहुतेक क्रॉस-कंटॅमिनेशन, जात नसेल तर क्रॉस-कॉन्टॅक्टचा संशय घ्या. 'बहुतेक' आणि 'संशय' हे शब्द मी मुद्दाम वापरलेत, कारण या कसोटीला एक मोठं भोक आहे. त्याच्याकडे पुढे येते.

(अंड्याची ॲलर्जी असलेली काही मुलं केक खाऊ शकतात, मग उष्णतेने फरक पडतोच ना, असं वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं. काही प्रथिनांचा आकार भाजण्याने बदलतो आणि काही जणांना ते सोसतं, हे खरं आहे. पण कुणाला सोसतं ते डॉक्टर ठरवतात, आचारी नाही. परीक्षेत तर 'शिजवल्याने ॲलर्जेन जात नाही' हेच उत्तर.)

दुसरी जागा जिथे हे दोन शब्द हमखास फसवतात, ती म्हणजे साफसफाई. जंतूंच्या प्रश्नांमुळे आपल्या डोक्यात बसलेलं असतं की सॅनिटायझर म्हणजे अंतिम शस्त्र. फळी धुतली, पण सॅनिटाइझ केली नाही, तर काम अपुरं. जंतूंसाठी ते बरोबरच आहे. ॲलर्जेनच्या बाबतीत उलटं होतं. सॅनिटायझर जंतू मारतं, प्रथिन उचलत नाही. प्रथिन जातं ते साबण, पाणी, घासणं आणि खळखळून धुणं यांनी. त्यामुळे 'कुकने सॅनिटायझरच्या बादलीतलं फडकं पिळून काउंटर पुसला आणि ॲलर्जी असलेल्या गिऱ्हाइकाचं सँडविच त्यावर केलं' असा प्रश्न आला, तर बादलीतलं द्रावण कितीही ताजं आणि योग्य मात्रेचं असो, उत्तर क्रॉस-कॉन्टॅक्टच. हातांचंही तेच. जेल चोळून शेंगदाण्याचं प्रथिन जात नाही, साबण-पाण्याने जातं.

वर्गात मी हे सोलापुरी शेंगा चटणीने दाखवते. पांढऱ्या फळीवर चमचाभर चटणी पसरायची, हाताने झटकून टाकायची, आणि सॅनिटायझरच्या फडक्याने एकदा छान पुसून घ्यायची. फळी लांबून स्वच्छ दिसते. मग पांढऱ्या ब्रेडचा एक स्लाइस त्या जागेवर तळहाताने दाबायचा आणि उलटा करून बघायचा. फळीवरच्या सुरीच्या खाचांच्या रेघांसारख्या लालसर तेलकट रेघा ब्रेडवर उमटतात. तोच स्लाइस शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाचा असेल तर? आणि तेच फडकं परत बादलीत गेलं, की त्यानंतर त्याने पुसलेल्या प्रत्येक टेबलाला चटणी. फडक्याचा वास घेतला तरी कळतं. यानंतर सॅनिटायझरवर कुणाचं उत्तर चुकलेलं मला आठवत नाही.

याच धाग्यावर 'आता कुकने काय करावं?' हे प्रश्न येतात. इथे पर्याय साधारण ठरलेले असतात: खरवडून काढा, पुसा, परत गरम करा, टाकून नवीन करा. सॅलडवरून अक्रोड वेचून तीच ताटली परत पाठवणं, बर्गरवरचं चीज उचलून पॅटी तशीच देणं, ब्रेडचा लागलेला कोपरा कापणं, ही सगळी चुकीची उत्तरं. नवीन ताट, धुतलेली भांडी, धुतलेले हात, नवे हातमोजे आणि नव्याने केलेला पदार्थ, हे बरोबर. जंतूंच्या प्रश्नात मात्र कधीकधी शिजवणं हा खरा उपाय असतो. कच्च्या चिकनचं पाणी जर दुसऱ्या कच्च्या मांसाला लागलं, आणि ते मांस चिकनच्या तापमानाला, म्हणजे ७४ अंशांना शिजवलं, तर धोका आटोक्यात येतो. कापलेल्या सॅलडला लागलं तर ते शिजणारच नाही, म्हणून टाकायचं. टाकणं दोन्हीकडे आहे, पण कारणं वेगळी आहेत, आणि परीक्षेत कारण विचारतात.

आता कोळंबी. हा प्रश्न खरोखर तिढ्याचा आहे आणि त्यात तुमचा फार दोष नाही. कच्च्या कोळंबीच्या पाण्यात दोन्ही गोष्टी असतात. व्हिब्रिओसारखे जीवाणू असू शकतात, आणि कवचाच्या जलचरांचं ॲलर्जेन तर असतंच. ते पाणी लेट्यूसवर गळलं, तर प्रत्यक्षात एकाच थेंबाने दोन्ही झालेलं असतं. मग उत्तर कसं ठरवायचं? प्रश्नात टेबलावर कोण बसलंय ते बघून.

तुमच्या प्रश्नात ॲलर्जीचा उल्लेखच नव्हता. कच्चं मांस किंवा मासळी, आणि न शिजवता खायचा पदार्थ, एवढंच होतं. ही क्रॉस-कंटॅमिनेशनची ठरलेली मांडणी आहे. कोळंबी हे ॲलर्जेन आहे हे तुम्हाला आठवलं, अभ्यास चांगला आहे म्हणूनच आठवलं, आणि तुम्ही प्रश्नात नसलेला माणूस टेबलावर आणून बसवला. हुशार मुलांची ही ठरावीक चूक आहे. प्रश्नात ॲलर्जीचं गिऱ्हाईक, 'ॲलर्जेन-फ्री' मागणी किंवा अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, घसा आवळणं अशी लक्षणं यांपैकी काही असेल, तरच क्रॉस-कॉन्टॅक्ट.

हाच प्रश्न थोडा वळवून बघा. कोळंबीचं पाणी सॅलडवर गळलं, ते सॅलड दोन टेबलांवर गेलं. एका टेबलावरच्या बाईंना पाच-दहा मिनिटांत ओठ सुजून धाप लागली, त्यांना शेलफिशची ॲलर्जी आहे. दुसऱ्या टेबलावरच्या तिघांना दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. बाईंच्या बाबतीत क्रॉस-कॉन्टॅक्ट झाला, तिघांच्या बाबतीत क्रॉस-कंटॅमिनेशन. गळती एक, वाटी एक, सॅलड एक. ॲलर्जीची लक्षणं बहुधा काही मिनिटांत ते दोनेक तासांत दिसतात, कारण शरीर प्रथिनाला ओळखून लगेच उसळतं. जंतुसंसर्गाला मात्र बहुधा तासन्‌तास किंवा दिवस लागतात, जंतूंना आतड्यात आधी वाढायचं असतं. आणि जंतू लोकांत भेद करत नाहीत, ॲलर्जेन करतं. एकाच पातेल्यातून जेवलेल्या चाळीसपैकी एकच आजारी पडला आणि तोही लगेच, असं वर्णन असेल तर लेखकाचा रोख कुठे आहे हे उघड आहे.

आता ते भोक. समजा प्रश्न असा आहे: पाच जणांनी कुपा माशाचे स्टेक खाल्ले, अर्ध्या तासात तिघांचे चेहरे लालबुंद झाले, अंगावर पुरळ आलं, डोकं ठणकायला लागलं. मासा नीट शिजवलेला होता. लक्षणं ॲलर्जीची, वेळ ॲलर्जीची, शिजवूनही धोका गेला नाही, म्हणजे माझ्या कसोटीप्रमाणे क्रॉस-कॉन्टॅक्ट? नाही. हे दोन्हींपैकी काहीच नाही. कुपा, बांगडा अशा माशांना पकडल्यानंतर पुरेसं थंड ठेवलं नाही, तर जीवाणू त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार करतात. शिजवल्यावर जीवाणू मरतात, हिस्टामीन तसंच राहतं. ॲलर्जीत आपलं शरीर स्वतः हिस्टामीन सोडतं, इथे ते ताटातूनच येतं, म्हणून लक्षणं इतकी सारखी. याला स्कॉम्ब्रॉइड विषबाधा म्हणतात, आणि त्याचं परीक्षेतलं उत्तर 'वेळ आणि तापमानाचा गैरवापर' किंवा 'खात्रीच्या पुरवठादाराकडून मासे घेणे' या बाजूचं असतं. ओळखायची खूण म्हणजे कुणालाही आधीपासून माशाची ॲलर्जी असल्याचं सांगितलेलं नसतं, आणि एकापेक्षा जास्त जणांना त्रास होतो. कोकणातल्या मुलांना मी सांगते, उन्हात पडलेल्या बांगड्याची चव जिभेला चरचरते असं घरी म्हणतात ना, ते लक्षात ठेवा. पण चव नेहमी कळतेच असं नाही, बर्फच महत्त्वाचा.

दुसरा 'दोन्हींपैकी नाही'चा प्रकार जास्त वेळा येतो आणि जास्त गुण घालवतो. वेटरला गिऱ्हाईक सांगतं, मला काजूची ॲलर्जी आहे. वेटर आत न विचारता म्हणतो, पनीर मखनीत काजू नाहीत. ग्रेव्हीत काजूची पेस्ट आहे. गिऱ्हाइकाला त्रास होतो. मुलं पटकन क्रॉस-कॉन्टॅक्ट लिहितात, कारण ॲलर्जीने त्रास झाला. पण इथे काजू कुठून कुठे गेलाच नाही. तो पाककृतीतच होता, आचाऱ्याने मोजून घातला होता. चूक माहिती देण्याची आहे. अमेरिकेच्या २०१५ च्या अन्नसुरक्षा नियमांत ॲलर्जेन क्रॉस-कॉन्टॅक्टची जी व्याख्या आहे, तिचा गाभा 'नकळत मिसळणं' हा आहे. घटक म्हणून जे मुद्दाम घातलंय, ते क्रॉस-कॉन्टॅक्ट होऊ शकत नाही. तसंच पुरवठादाराने सॉसची रेसिपी बदलली आणि आता त्यात सोया आहे, किंवा डब्यावर चुकीचं लेबल चिकटलं, तर तो न कळवलेल्या ॲलर्जेनचा म्हणजे लेबलिंगचा प्रश्न झाला. स्वतःला विचारा: सगळी भांडी, हात, तेल अगदी स्वच्छ असती तरी हा माणूस आजारी पडला असता का? 'हो' आलं, तर क्रॉस-कॉन्टॅक्ट खोडा.

म्हणजे क्रम असा लावा. आधी, काही एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलं का. नसेल तर दोन्ही शब्द बाद. गेलं असेल तर टेबलावर ॲलर्जीचा माणूस आहे का. असेल तर क्रॉस-कॉन्टॅक्ट, नसेल आणि कच्चं-शिजलेलं किंवा घाणेरडे हात यांची गोष्ट असेल तर क्रॉस-कंटॅमिनेशन. शिजवण्याची कसोटी सगळ्यात शेवटी, नुसती खात्री करायला.

फ्रिजच्या फळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोळंबीवरून तुम्ही पुढे तिथेच अडखळाल म्हणून सांगते. सर्व्हसेफमध्ये वरून खाली असा क्रम असतो: तयार पदार्थ, मग मासळी, मग अखंड मांस, मग खिमा, आणि तळाला चिकन. हा क्रम शिजवण्याच्या तापमानावर लावलेला आहे, कमी तापमानाचं वर, जास्त तापमानाचं खाली, म्हणजे गळलंच तर खालचा पदार्थ जास्त शिजणार आहे. आता ॲलर्जीच्या नजरेने बघा: मासे वर आणि बीफ खाली! माशाचं पाणी बीफवर गळलं तर माशाच्या ॲलर्जीवाल्यासाठी ते बीफ गेलं. ॲलर्जेनचा विचार केला तर ॲलर्जेन खाली किंवा वेगळ्या झाकणबंद डब्यात हवं. दोन नियम एकमेकांशी भांडतात. परीक्षेत नुसता क्रम विचारला तर तापमानाचाच क्रम द्या. प्रत्यक्ष गॅलीत मासे खोलगट झाकणाच्या ट्रेमध्ये ठेवले की भांडण मिटतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. मी हे सगळं अमेरिकन परीक्षा धरून लिहिलंय, कारण तुम्ही तीच देताय. तिथे दोन शब्दांत काटेकोर भिंत आहे. आंतरराष्ट्रीय अन्न-मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने २०२० मध्ये ॲलर्जेनसाठी जी स्वतंत्र कार्यसंहिता काढली, तीही क्रॉस-कॉन्टॅक्ट हाच शब्द वापरते. पण ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या मार्गदर्शनात 'ॲलर्जेन क्रॉस-कंटॅमिनेशन' असं सर्रास लिहिलेलं असतं, आणि आपल्या एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांतही पाकिटावरच्या 'मे कंटेन' सूचनेचा संदर्भ क्रॉस-कंटॅमिनेशन असाच येतो. त्यामुळे तुमच्या मित्राने लंडनच्या नोकरीसाठी दिलेल्या परीक्षेत बर्गरच्या प्रश्नाला तुम्ही लिहिलेलं उत्तर बरोबर धरलं गेलं असेल, तर त्यात नवल नाही. शास्त्र तेच, शब्द वेगळा. इंटरनेटवरून सराव प्रश्न उतरवताना ते कुठल्या देशाचे आहेत ते आधी बघा. तुमची निम्मी गडबड दोन देशांचे प्रश्न एकत्र सोडवल्यामुळे झाली असावी असा माझा अंदाज आहे.

ॲलर्जेनची यादीही देशागणिक बदलते आणि तिचा परिणाम थेट उत्तरावर होतो. अमेरिकेत नऊ आहेत: दूध, अंडं, मासे, कवचाचे जलचर, झाडावरचे सुके मेवे, शेंगदाणे, गहू, सोया, आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ. तुमचं पुस्तक त्याआधीचं असेल तर त्यात आठच असतील आणि तिळाचा प्रश्न चुकेल. युरोपच्या यादीत चौदा आहेत. त्यात मोहरी आहे, शिंपले-माकुल वर्गही आहे. मोहरी घातलेल्या फोडणीचा डाव दुसऱ्या भांड्यात गेला, असा प्रश्न अमेरिकन परीक्षेत 'प्रमुख ॲलर्जेन' म्हणून येणार नाही. पण एखाद्या गिऱ्हाइकाला मोहरीची ॲलर्जी आहे असं प्रश्नातच सांगितलं असेल, तर यादीत नसलं तरी तो क्रॉस-कॉन्टॅक्टच, कारण यादी कायद्याची असते आणि ॲलर्जी माणसाची.

तुमच्याकडे अजून असे अडलेले प्रश्न असतील तर पर्यायांसकट इथे टाका. नुसता प्रश्न टाकू नका, चारही पर्याय लागतात. 'टाकून द्या' आणि 'धुऊन घ्या' हे दोन्ही पर्यायांत असताना तुम्ही कुठला निवडलात, त्यावरून तुमचं नेमकं कुठे अडतंय ते मला लगेच कळेल.